८ कोटी प्री-मनी, मग माझे ४८ टक्के ३७.५ वर कसे आले?

भोसरीकर_इंजिनिअर (धागाकर्ता)

मंडळी, चार वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

कारखान्यातल्या कॉम्प्रेस्ड हवेच्या लाइनमध्ये गळती कुठे आहे ते शोधणारं एक छोटं यंत्र आणि त्याचं सॉफ्टवेअर आम्ही दोघे मित्र बनवतो. भोसरी, चाकण, रांजणगाव मिळून १९ कारखान्यांत बसवलंय. कंपनीचे एकूण १,००,००० शेअर. माझे ६०,०००, मित्राचे ४०,०००. दोन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या दोन साहेबांनी प्रत्येकी ३० लाख, म्हणजे ६० लाख कन्व्हर्टिबल नोटवर, पुढच्या राउंडला शेअरमध्ये बदलणाऱ्या कर्जावर, दिले. त्या नोटवर व्याज नाही, ५ कोटींची कॅप आहे, म्हणजे शेअर देताना कंपनीची किंमत जास्तीत जास्त तेवढी धरायची.

आता एका फंडाकडून टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, आली आहे. पैसे येण्याआधीची कंपनीची किंमत, म्हणजे प्री-मनी, ८ कोटी, २ कोटी गुंतवणूक, पैसे आल्यावरची पोस्ट-मनी १० कोटी. मी पेन घेऊन बसलो. फंडाला २०%, आम्हाला ८०%, त्यातले माझे ६०%, म्हणजे ४८%. रात्री बायकोलाही तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फंडाकडून एक्सेल आली. तिच्यात माझ्या नावापुढे ३७.५%. आमच्या सीएंना दाखवली तर ते म्हणाले, "राउंड झाल्यावर आरओसीत, कंपन्यांच्या सरकारी दप्तरात, ४१.६७ दिसतील." आता माझ्याकडे तीन आकडे आहेत आणि तिघेही म्हणतात आपलाच बरोबर. कोण कुणाला फसवतंय?

---

रोखठोक

अभिनंदन. पण गणित साधं आहे हो. ८ कोटींच्या कंपनीत २ कोटी, म्हणजे २५% गेले. म्हणून तुमचे ४८ कमी दिसतायत.

---

भोसरीकर_इंजिनिअर

रोखठोक, नाही. २ भागिले १०, कारण पैसे आल्यावर कंपनी १० कोटींची. टर्म शीटमध्येही २०% स्वच्छ लिहिलंय. २५% धरले तर माझे ४५ होतात. ३७.५ तरी कुठून येणार?

---

रोखठोक

हो, ते चुकलं. ८ प्री आहे हे बघितलं नाही. पण मुद्दा तोच, दर राउंडला ०.८ ने गुणत जायचं. तीन राउंड झाले की निम्मं उरतं.

---

सुमनताई_सांगली

माझा भाचाही असंच काहीतरी करतो म्हणून विचारते. हे २ कोटी तुमच्या खात्यात आल्यावर कर किती बसेल? आणि एवढे पैसे मिळाल्यावर घर घेणार की एफडी करणार?

---

भोसरीकर_इंजिनिअर

सुमनताई, माझ्या खात्यात दमडीही येत नाही. फंड माझे शेअर विकत घेत नाही. कंपनी नवे शेअर छापते, ते फंडाला देते आणि पैसे कंपनीच्या खात्यात जातात. माझे ६०,००० शेअर जिथल्या तिथे. फक्त एकूण शेअर वाढल्यामुळे टक्का घसरतो. घराचे हप्ते चालूच आहेत. :)

---

कॅपटेबलवाली

सहा वर्षं मुंबईत एका फंडात हेच काम केलं. आता टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसते, म्हणजे संस्थापकांच्या.

कोणीही फसवत नाहीये. तिघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. धागाकर्ते, टर्म शीटमध्ये प्री-मनीच्या ओळीत "फुली डायल्यूटेड" असे शब्द आहेत का? आणि त्यापुढे, नोटांचं रूपांतर आणि राउंडनंतरच्या १०% ईसॉप पूलसकट, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या हिश्श्यासकट, असं काही लिहिलंय?

---

भोसरीकर_इंजिनिअर

ताई, शब्दशः तेच! तुम्ही टर्म शीट बघितलीत की काय? मला वाटलं वकिली भाषा आहे, पुढे गेलो.

---

कॅपटेबलवाली

अख्खा राउंड त्याच ओळीत आहे. बसा, सावकाश करू.

तुम्ही धरलंत की ८ कोटी ही तुमच्या १,००,००० शेअरची किंमत. फंड म्हणतोय की ८ कोटी ही माझ्याआधी रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांची मिळून किंमत. त्या रांगेत तुम्ही दोघे आहात, नोटवाले साहेब आहेत, आणि अजून नोकरीवर न आलेली माणसंही आहेत, ज्यांच्यासाठी पूल राखून ठेवायचा आहे.

आधी नोटा. ५ कोटींची कॅप आणि १,००,००० शेअर, म्हणजे साहेबांसाठी भाव ५०० रुपये. ६० लाख भागिले ५०० म्हणजे १२,००० शेअर. तुमचे १,००,००० धरून झाले १,१२,०००.

राउंडनंतर फंडाला २०% आणि पूलला १०% हवेत. म्हणजे हे १,१२,००० शेअर उरलेल्या ७०% मध्ये बसायला हवेत. भागा ०.७ ने. एकूण शेअर आले १,६०,०००.

फंड ३२,०००, पूल १६,०००, नोटवाले १२,०००, मित्र ४०,०००, तुम्ही ६०,०००. साठला एकशेसाठने भागा. ३७.५.

आता भाव काढा. १० कोटी भागिले १,६०,००० म्हणजे एका शेअरला ६२५ रुपये. त्या भावाने तुमच्या दोघांच्या १,००,००० शेअरची किंमत होते सव्वासहा कोटी. नोटवाल्यांचे ७५ लाख, रिकाम्या पूलचा १ कोटी. बेरीज ८ कोटी. मथळ्यातली प्री-मनी ८, पण तुम्ही आजवर जे उभं केलंत त्याला फंडाने लावलेली किंमत सव्वासहा आहे. पेढे वाटणार असाल तर सव्वासहाचे वाटा.

म्हणून टर्म शीट हातात आली की मी टक्के आणि कोटी बाजूला ठेवते आणि प्रति शेअर भाव शोधते. टक्का कशाचा यावर वाद घालता येतो, ६२५ रुपयांवर घालता येत नाही. पुष्कळदा भाव लिहिलेलाच नसतो. मग फंडाला ईमेलवर विचारायचा आणि उत्तर ईमेलवरच घ्यायचं.

---

मोडीवाचक

मी कंपनी सेक्रेटरी. सीएंच्या ४१.६७ चा खुलासा करतो, बिचाऱ्यांना उगाच बोल लागायला नको.

ईसॉप पूल म्हणजे शेअर नव्हेत. उद्या कोणाला तरी ऑप्शन देऊ, असं कंपनीने ठरवून ठेवलेला तो कोटा असतो. ऑप्शन दिले, ठरलेला काळ काम करून ते व्हेस्ट झाले, माणसाने पैसे भरून ते वापरले, की मग शेअर जन्माला येतात. त्यामुळे पीएएस-३ भरून वाटप नोंदवाल तेव्हा आरओसीत एकूण शेअर १,४४,००० दिसतील. साठ भागिले एकशेचव्वेचाळीस म्हणजे ४१.६७. सीएंचा आकडा कायद्याच्या दप्तरातला आणि फंडाचा आकडा सौद्यातला.

मतदानाच्या दिवशी मात्र सीएंचाच आकडा उपयोगी पडतो. तुम्ही दोघे मिळून ६९.४४% होता. साधे ठराव आरामात कराल, पण विशेष ठरावाला ७५% लागतात, ते आता तुमच्या दोघांच्याच बळावर होणार नाहीत. फंड एकटा २२.२%, म्हणजे विशेष ठराव त्याला एकट्याला अडवता येत नाही. तुमचे जुने साहेब त्याच्या बाजूला गेले तर ३०.५ च्या वर, मग अडतो. फंडाला बहुधा सीसीपीएस, म्हणजे पुढे सक्तीने इक्विटीत बदलणारे प्रेफरन्स शेअर, मिळतील. ते आजच इक्विटीत बदलले असते तर जेवढी मतं असती तेवढी मतं त्यांना, असं करारात आणि आर्टिकल्समध्ये लिहून घेतात, म्हणून मी हे असं मोजलं.

अर्थात हे गणित थोडं भाबडं आहे. शेअरहोल्डर करारात "आमच्या लेखी संमतीशिवाय करायचं नाही" अशी लांबलचक यादी असते. २२ टक्केवाला ७५ टक्केवाल्याला अडवतो तो त्या यादीने.

---

अर्धा_भागीदार

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. नाशिकला आमचं द्राक्षाच्या कोल्ड चेनचं काम होतं. आम्ही दोघे ६०-४० च. चौदाव्या महिन्यात भागीदार नोकरी लागली म्हणून बंगळुरूला गेला. भांडण नाही, काही नाही, रडारड करूनच गेला. पण ४०% घेऊन गेला. व्हेस्टिंग वगैरे कोणाला माहीत होतं? दोन वर्षांनी एक गुंतवणूकदार आला, कोणाचे किती शेअर तो कॅप टेबल बघितला आणि म्हणाला, "हा ४० टक्केवाला कोण? काय करतो?" मी म्हटलं काही नाही करत. तो म्हणाला, मग मी कोणाच्या भरवशावर पैसे देऊ? गेला तो. धागाकर्ते, तुमचा ४०,०००वाला मित्र गुणी असेल, तरी लिहून घ्या.

---

भोसरीकर_इंजिनिअर

अर्धा_भागीदार, वाचून पोटात गोळा आला. टर्म शीटमध्ये आमच्या दोघांच्या शेअरना चार वर्षांचं व्हेस्टिंग लावलंय. मी त्यावर भांडायच्या तयारीत होतो की आमचेच शेअर आम्हाला परत कमवायला का लावता. आता जरा वेगळं वाटतंय.

---

कॅपटेबलवाली

भांडा, पण व्हेस्टिंग नको म्हणून नाही. आजवरच्या कामाचं मोजमाप व्हावं म्हणून भांडा. एक तृतीयांश किंवा निम्मे शेअर आजच व्हेस्ट झालेले धरा, असं मागता येतं आणि बरेचदा मिळतंही.

---

रोखठोक

मी मघाशी चुकलो, पण आता एक कामाचं सांगतो. टर्म शीटमध्ये अँटी-डायल्यूशन कलम असतं. ते आपल्यासाठीही मागून घ्यायचं. मग पुढच्या राउंडला टक्का कमी होतच नाही. माझ्या मेहुण्याच्या कंपनीत फंडाने घेतलं होतं, मग संस्थापकांनी का घेऊ नये?

---

कॅपटेबलवाली

रोखठोक, नावावर जाऊ नका, त्या नावाने भलेभले फसतात. अँटी-डायल्यूशनने टक्का गोठत नाही. पुढचा राउंड चढ्या भावाने झाला तर ते कलम झोपलेलं असतं आणि फंडाचा टक्काही तुमच्यासारखाच घसरतो. भाव पडला तरच ते जागं होतं, आणि तेव्हा फंडाला मिळणारे जादा शेअर तुमच्या ताटातून जातात. संस्थापकाने शेअर १० रुपयाने घेतलेले असतात, त्याला कोणत्या भावाचं संरक्षण देणार?

इथे खरोखर बघायची गोष्ट एकच, सूत्र कुठलं लिहिलंय. समजा दीड वर्षाने धंदा मंदावला आणि पुढचे २ कोटी ६२५ ऐवजी ४०० रुपयांच्या भावाने आले. म्हणजे नवे ५०,००० शेअर.

सूत्र फुल रॅचेट असेल तर जुन्या फंडाचाही भाव मागे जाऊन ४०० धरतात. त्याचे २ कोटी भागिले ४००, म्हणजे ३२,००० चे ५०,००० झाले. एक रुपयाही न घालता १८,००० शेअर जादा.

सूत्र ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेज असेल तर पडलेल्या भावाने किती शेअर निघाले याचा भार धरून जुना भाव खाली येतो. आधीचे १,६०,००० शेअर आहेत. २ कोटींत जुन्या भावाने ३२,००० आले असते, प्रत्यक्षात ५०,००० आले. म्हणून ६२५ ला १,९२,००० ने गुणायचं आणि २,१०,००० ने भागायचं. भाव येतो साधारण ५७१ रुपये ४३ पैसे, आणि फंडाचे ३२,००० होतात ३५,०००. जादा फक्त ३,०००.

१८,००० की ३,००० हे टर्म शीटमधल्या दोन-तीन शब्दांवर ठरतं. भोसरीकर, तुमच्यात काय लिहिलंय?

---

भोसरीकर_इंजिनिअर

बघितलं. ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेज. हुश्श.

---

कर्ज_बरं

मी प्रत्येक धाग्यावर हेच लिहितो त्यामुळे शिव्या खातो, तरी लिहितो. झिरोधाने बाहेरचा पैसा घेतला नाही, चाललंच ना? १९ कारखाने गिऱ्हाईक आहेत तर त्यांच्याकडून वर्षाचे आगाऊ पैसे मागा. बँकेचं कर्ज घ्या. कर्ज फिटतं, विकलेला हिस्सा परत येत नाही. झोमॅटो २०२१ मध्ये बाजारात आली तेव्हा दीपिंदर गोयल यांचा हिस्सा साडेपाच टक्क्यांच्या आसपास होता, आणि २०१० पासून पैसे घालणाऱ्या इन्फो एजचा साडेअठराच्या आसपास. मालक कोण मग?

---

मोडीवाचक

आकडे बरोबर आहेत. झोमॅटोच्या प्रॉस्पेक्टसमध्ये प्रवर्तक म्हणून कोणाचंच नाव नव्हतं, व्यावसायिकांनी चालवलेली कंपनी अशीच नोंद होती. पण कर्ज_बरं, झिरोधा ब्रोकरेज आहे, तिथे पहिल्या सौद्यापासून पैसे येतात. कारखान्यांना यंत्रं बसवून सहा महिन्यांनी बिल वसूल करणाऱ्याला ते गणित लावता येत नाही. शिवाय बँक तारण मागते. सेन्सरच्या डिझाइनवर कोणती बँक कर्ज देते ते मलाही सांगा, माझे दोन अशील रांगेत आहेत.

---

कर्ज_बरं

घरावर मिळतं.

---

भोसरीकर_इंजिनिअर

घरावर आधीच आहे, दादा.

कॅपटेबलवाली ताई, पूलबद्दल विचारायचं होतं. मी मित्राशी बोललो. त्याचं म्हणणं, १०% पूल प्री-मनीत घालून फंडाने आपला गळा कापला, पूल राउंडनंतर काढा म्हणावं, म्हणजे फंडही त्यात भागीदार होईल. हे मागावं का?

---

कॅपटेबलवाली

तुमचा मित्र तत्त्वाने बरोबर आहे, पण त्या भांडणात मिळतं किती तेही बघा.

४८ वरून ३७.५ म्हणजे साडेदहा टक्के. पूल शून्य धरून नोटा तेवढ्या घातल्या तर एकूण शेअर १,४०,०००, तुम्ही ४२.८६. म्हणजे पाचाच्या वर टक्के साहेबांच्या नोटांनी घेतले. त्याचा फंडाशी संबंध नाही. ते पैसे तुम्ही दोन वर्षांपूर्वी खर्च केलेत, नोटेचा टक्का कॅप टेबलमध्ये आज उगवला एवढंच.

आता मित्राचं म्हणणं मान्य झालं असं समजू. राउंड झाला, मग १०% पूल काढला, सगळ्यांचाच टक्का एक दशांशाने उतरला. तुम्ही ३८.५७, फंड १८. म्हणजे ३७.५ च्या तुलनेत तुम्हाला मिळाला एक टक्का आणि वर थोडं. फंडाला मात्र २०% ठरवून १८ मिळतात, ते त्याच्या गुंतवणूक समितीला सांगता येत नाही. त्यामुळे ते या मागणीवर सहसा हलत नाहीत.

पूल केवढा असावा, यावर मात्र हलतात. १०% कुठून आला ते विचारा. उत्तर बहुतेक "सगळीकडे एवढाच असतो" असं येईल. तेव्हा तुम्ही कागद काढायचा. पुढच्या १८ महिन्यांत कोणाकोणाला घेणार, कोणत्या महिन्यात, कोणाला किती ऑप्शन. हार्डवेअरचा मुख्य माणूस, विक्रीचा प्रमुख, तीन-चार इंजिनिअर. खरं लिहा, फुगवू नका आणि दाबूही नका. बेरीज ५ टक्के आली आणि पूल ५ वर ठरला, तर तुम्ही ४०.१८ वर जाता.

उलटा धोकाही सांगते. पूल फार छोटा ठेवलात आणि आठ महिन्यांत संपला, तर मधेच वाढवावा लागतो. तेव्हा फंडही त्यात उतरतो हे खरं, पण त्यांची संमती लागते आणि त्या संमतीच्या बदल्यात काहीतरी मागितलं जातं. शिवाय ज्याला बोलावून ठेवलंय तो विक्री प्रमुख ताटकळतो. चांगला माणूस थांबत नाही.

---

अर्धा_भागीदार

पूलमधले शेअर वाटलेच नाहीत तर ते कोणाचे?

---

कॅपटेबलवाली

कोणाचेच नाहीत. कंपनी विकली गेली तर न दिलेला पूल बाद होतो आणि तो हिस्सा सगळ्या भागधारकांत प्रमाणात जिरतो, म्हणजे फंडालाही मिळतो. तुमच्या एकट्यांच्या खिशातून गेलेलं सगळ्यांत वाटलं जातं, म्हणून नको तेवढा पूल काढायचा नाही. पुढचा राउंड आधी आला तर उरलेला पूल त्या राउंडच्या पूलमध्ये मोजला जातो, तिथे तेवढा फायदा होतो.

---

भोसरीकर_इंजिनिअर

म्हणजे पुढच्या राउंडला पुन्हा पूल?! मी रोखठोक यांच्या ०.८ ने गुणत बसलो होतो. ३७.५ गुणिले ०.८ म्हणजे ३०.

---

कॅपटेबलवाली

तीस नाही. समजा दोन वर्षांनी सिरीज ए, ३२ कोटी प्री-मनीवर ८ कोटी. पुन्हा २०%. तोवर तुम्ही पूलमधले १०,००० ऑप्शन वाटलेत, ६,००० उरलेत. नवा फंड म्हणणार, राउंडनंतर १०% मोकळा पूल हवा.

तुमचे दोघांचे १,००,०००, नोटवाले १२,०००, पहिला फंड ३२,०००, वाटलेले ऑप्शन १०,०००. बेरीज १,५४,०००, ते पुन्हा ७०% मध्ये बसवा. एकूण २,२०,०००. तुम्ही साठ भागिले दोनशेवीस, म्हणजे २७.२७. मित्र १८.१८. दोघे मिळून ४५.४५, निम्म्याच्या खाली.

पण तेव्हाही तुमचे शेअर साठ हजारच असतील. भाव मात्र ६२५ वरून १,८१८ वर गेलेला. ३७.५% होते तेव्हा कागदावर पावणेचार कोटी, २७.२७% झाले तेव्हा १० कोटी ९० लाख. कागदावर हं. लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणजे फंडाने आधी आपले पैसे उचलायचे, ही भानगड अजून मोजलेली नाही. कंपनी ९ कोटींना विकायची वेळ आली तर हे टक्के कोणी विचारणार नाही, कारण दोन्ही फंडांचे मिळून १० कोटी आधी बाहेर काढायचे असतील. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

---

सुमनताई_सांगली

आता मला थोडं थोडं समजायला लागलंय. पण भाच्याला कोणीतरी सांगितलं होतं की व्हॅल्युएशन जास्त लावलं की आयकरवाले नोटीस पाठवतात. मग ८ कोटीच कशाला, कमी लावा की.

---

मोडीवाचक

सुमनताई, भाच्याने ऐकलेलं खोटं नव्हतं. २०१२ पासून होता तो एंजल टॅक्स. वाजवी किमतीपेक्षा जास्त भावाने शेअर दिले की वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरायचे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो काढून टाकला, २०२५-२६ च्या कर निर्धारण वर्षापासून लागू नाही. मूल्यांकनाचा अहवाल मात्र कंपनी कायद्यासाठी अजूनही लागतो, नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून. आणि पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटावे लागतात, नाहीतर ते परत करा. एका अशिलाचे पंचावन्न दिवस बँकेत पडून होते, कारण एक संचालक ट्रेकला गेले होते आणि त्यांची डिजिटल सही घरी कपाटात.

---

भोसरीकर_इंजिनिअर

अपडेट देतो. गुरुवारी फंडाबरोबर कॉल झाला. मी १८ महिन्यांच्या भरतीचा कागद काढला. बेरीज ६.२% आली होती. त्यांची असोसिएट मुलगी हुशार निघाली, म्हणाली की तुम्ही सपोर्टची माणसं धरलीच नाहीत, रांजणगावात मशीन बंद पडलं तर कोण जाणार? खरंच विसरलो होतो, कारण आत्ता मीच जातो. शेवटी ८% वर तोडगा निघाला. प्री-मनी ८ कोटीच.

१,१२,००० भागिले ०.७२, एकूण १,५५,५५६ च्या आसपास. मी ३८.५७. कुठेतरी बघितलेला आकडा वाटतोय.

---

कॅपटेबलवाली

बघितलाय. मित्राचं म्हणणं मान्य झालं असतं तर तुम्हाला एवढाच मिळाला असता. ०.८ गुणिले ०.९ म्हणजेही ०.७२. फंडाचे २० शाबूत राहिले, पूल दोनने लहान झाला आणि तुम्ही तिथेच पोचलात. मित्राला सांगा, गळा शाबूत आहे.

आता भाव काय सांगतात ते लिहून घ्या. साधारण ६४२ रुपये ८६ पैसे यायला हवा.

---

रोखठोक

मी अजूनही म्हणतो, प्री-मनी १० मागायला हवी होती. पूलवर वेळ घालवला.

---

मोडीवाचक

रोखठोक यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. प्री-मनी १० असती तर १०% पूल ठेवूनही भोसरीकर ३९.२९ वर गेले असते. प्रश्न एवढाच की देणारं कोणी होतं का. दुसरी टर्म शीट हातात नसताना मागून मिळत नाही.

माझी शंका वेगळीच आहे. भोसरीकर, तुमच्या नोटेत कॅपचं वाक्य नेमकं काय आहे? ५ कोटी प्री-मनी की पोस्ट-मनी? आणि भागाकार कोणत्या शेअरने करायचा ते लिहिलंय का?

---

भोसरीकर_इंजिनिअर

पीडीएफ उघडली. एवढंच आहे: रूपांतर ५ कोटी रुपयांच्या व्हॅल्युएशन कॅपवर होईल. बाकी काही नाही. नमुना एका मित्राकडून घेतला होता.

---

मोडीवाचक

मग जपून. आपण सगळ्यांनी इथे १,००,००० ने भागलं आणि १२,००० शेअर काढले. साहेब म्हणू शकतात की ५ कोटी म्हणजे आमचे पैसे धरून, ६० लाखांचे १२% आमचे, नवा राउंड यायच्या आधी. तसं धरलं तर त्यांचे १२,००० नाही, १३,६३६ शेअर होतात, आणि ते वरचे शेअर फंडाच्या २०% मधून येत नाहीत. तुमच्या दोघांचाच टक्का उतरतो.

---

कॅपटेबलवाली

मोडीवाचक बरोबर बोलतायत, मी ते गृहीत धरून गेले, माझी चूक. अमेरिकेत नोटेच्या जागी सेफ नावाचा करार करतात, त्यातही हाच गोंधळ होता, म्हणून वाय कॉम्बिनेटरने २०१८ मध्ये पोस्ट-मनीवाला नमुना आणला. तुमच्या वाक्यात दोन्ही अर्थ बसतात. फंडाच्या एक्सेलमध्ये १२,००० आहेत म्हणून साहेबांना ते मान्य आहेत असं होत नाही. त्यांनी ती एक्सेल बघितली आहे का?

---

भोसरीकर_इंजिनिअर

नाही. थोरले साहेब गोड बोलतात, पण हिशोबाला पक्के. कंपनीत असताना माझ्या टॅक्सीच्या पावत्या परत पाठवायचे.

शनिवारी सकाळी औंधला त्यांच्या घरी जातोय. एक्सेल छापून नेतो, दोन्ही हिशोबांची. ते काय म्हणतात ते इथे लिहीन.

---

अर्धा_भागीदार

मित्रालाही घेऊन जा बरोबर.